कॅम्पसचा लेव्हलिंग प्रोजेक्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॉलिटेक्निकच्या सिव्हिल शाखेत दरवर्षी एखादा तरी ग्रुप 'आवाराचा नकाशा आणि लेव्हल' हा विषय घेतो. मी सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला उभा राहतो, त्यामुळे तेच तेच प्रश्न माझ्याकडे येतात. इथे उत्तरं लिहिताना गेल्या उन्हाळ्यातल्या एका ग्रुपचं काम पुढ्यात ठेवलं आहे. आमचं आवार विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावाबाहेर आहे: खाली डांबरी रस्त्यावरची मोरी आणि काळी माती, वर मुरमाड बरडावर पाण्याची टाकी, मध्ये कडुनिंबांच्या दोन रांगा.

प्रोजेक्टसाठी नेमकं काय काय लागतं?

ऑटो लेव्हल किंवा जुना डंपी लेव्हल, तिवई, आकडे लिहिलेल्या दोन उंच पट्ट्या म्हणजे स्टाफ, ३० मीटरची टेप, खुंट्या, ऑइल पेंटचा डबा, लेव्हल बुक आणि चार माणसं. एक वाचणारा, एक लिहिणारा, दोन स्टाफ धरणारे. छत्री विसरू नका. ती माणसासाठी नाही, यंत्रासाठी. डंपीच्या बबल ट्यूबवर एका बाजूने ऊन पडलं की बबल सरकतो, आणि पोरं समजतात की तिवईच खचली.

नकाशा आणि लेव्हल ही दोन वेगळी कामं आहेत का?

हो. इमारती, रस्ते, झाडं, विहीर यांच्या जागा आधी टेप आणि ऑफसेटने, नाहीतर प्लेन टेबलने कागदावर येतात. मग त्यावर उंच्या चढतात. मोकळ्या जागेत १० मीटरची चौकट आखून प्रत्येक कोपऱ्यावर स्टाफ धरतात आणि त्यातून सारख्या उंचीच्या रेषा, म्हणजे कंटूर, काढतात. आमच्यासारख्या उताराला अर्ध्या मीटरचा कंटूर पुरतो. नकाशाचा भाग बहुतेक ग्रुप बरा करतात, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. अडतं ते उंच्यांमध्ये.

ज्ञात उंची म्हणजे काय, आणि ती आणायची कुठून?

ज्या पक्क्या खुणेची उंची आपल्या आधी दुसऱ्या कोणी काळजीपूर्वक काढून नोंदवून ठेवली आहे, ती खूण म्हणजे बेंचमार्क. सर्वांत वरच्या दर्जाच्या खुणा सर्व्हे ऑफ इंडियाच्या, ज्यांना आपण जीटीएस बेंचमार्क म्हणतो. पण खेड्यात तसली खूण पायी जाण्याच्या अंतरावर सापडेलच असं नाही. मग कालव्याची बांधकामं, रस्त्यावरच्या मोऱ्या, पाणीपुरवठ्याच्या टाक्या यांच्यावर संबंधित खात्याने नेलेल्या उंच्या कामी येतात. त्या मागताना कॉलेजचं पत्र न्या, आणि नुसता आकडा घेऊन परत येऊ नका. खूण नेमकी कुठे आहे, कठड्यावर की जोत्यावर, कोणत्या कोपऱ्यात, हे लिहून घ्या. जुन्या नोंदी फुटात असतील तर ०.३०४८ ने गुणा. फुटाचे दोनच दशांश दिले असतील तर ती उंची मुळातच तीन मिलिमीटरच्या पायरीने दिलेली आहे, हेही ध्यानात असू द्या.

आमच्याकडे अशा दोन खुणा आहेत. गेटसमोरच्या मोरीच्या कठड्यावर २८६.४१५ मीटर, आणि टाकीच्या चौथऱ्यावर २९३.८७० मीटर. दोन्ही एकाच खात्याच्या एकाच नोंदीतल्या, म्हणजे समुद्रसपाटीचा पाया दोघींचा एकच. त्यांच्यात रस्त्याने साधारण ४२० मीटर अंतर आहे आणि ७.४५५ मीटरचा चढ.

रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. ती चालेल का?

आपलं काम ढोबळमानाने कुठल्या उंचीवर आहे हे कळायला चालेल. मिलिमीटरची तपासणी करायला नाही, कारण ती उंची नेमकी कोणत्या बिंदूची हे पाटीवर लिहिलेलं नसतं. फलाटाचा कोणता दगड धरायचा हे ठरत नाही तोवर तो आकडा स्टाफ ठेवायच्या कामाचा नाही.

मोबाइलच्या जीपीएसवर उंची दिसते. तिच्याशी ताडून पाहिलं तर?

पाहू नका. मोबाइलची उंची उभ्या-उभ्या काही मीटर इकडे तिकडे होते. शिवाय उपग्रहांची मूळ उंची समुद्रसपाटीवरून मोजलेली नसून पृथ्वीच्या गणिती आकारावरून मोजलेली असते. आपल्या देशात या दोहोंत कित्येक दहा मीटरचा फरक पडतो. काही ॲप तो फरक काढून दाखवतात, काही नाही.

ज्ञात उंची मिळालीच नाही तर १००.००० धरून काम करता येतं ना?

येतं, आणि पुष्कळ ग्रुप तेच करतात. नकाशावरचे उतार बरोबर येतील. पण मग तुमची तपासणी 'जिथून निघालो तिथेच परत आलो' एवढ्यावर थांबते, आणि ती किती फसवी असू शकते ते पुढच्या प्रश्नात आहे.

आमचं लेव्हलिंग तीन मिलिमीटरमध्ये बंद झालं. आता अजून काय तपासायचं?

हा प्रश्न मला त्या ग्रुपने शब्दशः विचारला होता. "सर, तीन मिलिमीटरमदी जुळलं जी!" मोरीपासून टाकीपर्यंत सहा ठिकाणी यंत्र लावून गेले आणि त्याच रस्त्याने परत आले. एकूण ८४० मीटर. पाठ्यपुस्तकात साध्या कामासाठी बंद होताना २४√क मिलिमीटरची सूट देतात, काटेकोर कामासाठी १२√क. इथे क म्हणजे किलोमीटरमधलं अंतर. ८४० मीटरला ही सूट अनुक्रमे २२ आणि ११ मिलिमीटर येते. त्यांची चूक तीन. पेढे वाटावेत असं काम.

मी विचारलं, टाकीवर किती आलं? लेव्हल बुकात २९३.९०२ होतं. खात्याच्या नोंदीत २९३.८७०. म्हणजे ३२ मिलिमीटर जास्त. ४२० मीटरच्या एकेरी वाटेला सैल सूट धरली तरी साडेपंधरा मिलिमीटर होते. घरी परतणारं काम तीन मिलिमीटरमध्ये बंद, आणि वाटेत मधोमध ३२ मिलिमीटर चुकलेलं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

हे कसं शक्य आहे?

यंत्राची दृष्टिरेषा अगदी आडवी नसेल, तर जितकं लांबचं वाचन तितकी त्यात चूक जास्त. समजा रेषा वर चढणारी आहे आणि दर मीटरला पाव मिलिमीटर चढते. मग ४५ मीटरवरचं वाचन ११ मिलिमीटर जास्त येईल, २५ मीटरवरचं सहा मिलिमीटर.

बॅकसाइट म्हणजे मागच्या स्टाफवरचं वाचन, फोरसाइट म्हणजे पुढच्या स्टाफवरचं. ही दोन्ही सारख्याच अंतरावर असतील तर दोन्हींत सारखीच चूक येते आणि वजाबाकीत ती उडून जाते. चढावर मात्र हात आपोआप वेगळं करतो. यंत्र वरच्या स्टाफकडे सरकतं, कारण मधोमध लावलं तर वरच्या स्टाफचा पायाच दिसेनासा होईल अशी भीती असते. आमच्या रस्त्यावर तर आणखी एक कारण होतं. एप्रिलचं ऊन, आणि ग्रुपने यंत्र प्रत्येक वेळी कडुनिंबाच्या सावलीत लावलं होतं. मागचा स्टाफ साधारण ४५ मीटरवर, पुढचा २५ वर.

पहिल्याच ठिकाणचे आकडे पाहा. मोरीची उंची २८६.४१५, बॅकसाइट २.१९०, म्हणून यंत्राची उंची २८८.६०५. फोरसाइट ०.९५५, म्हणून पुढच्या चेंज पॉइंटची, म्हणजे यंत्र पुढे नेताना स्टाफ जिथे तसाच राहतो त्या जागेची, उंची २८७.६५०. यात बॅकसाइट ११ मिलिमीटर जास्त आणि फोरसाइट सहा जास्त, तेव्हा चढ पाच मिलिमीटर फुगला. अशी सहा ठिकाणं, म्हणजे टाकीपर्यंत तीस मिलिमीटर.

परत येताना तीच झाडं, तीच सावली, तेच चेंज पॉइंट. आता मागचा स्टाफ वर आहे आणि जवळ आहे, पुढचा खाली आणि लांब. प्रत्येक ठिकाणी उतार पाच मिलिमीटर जास्त मोजला गेला. चढताना जे तीस मिलिमीटर वाढले ते उतरताना पुरते वजा झाले, आणि मोरीवर हिशेब जुळला. यंत्राची खोड वाटेत खर्च होऊन घरी येईपर्यंत भरून निघाली होती.

पण खात्याची टाकीवरची उंचीच चुकीची असेल तर? चूक आमचीच कशावरून?

रास्त शंका. कोणालाही दोष देण्याआधी आपलं यंत्र तपासायचं, कारण तेच आपल्या हातात आहे. त्यासाठी दोन खुंट्यांची चाचणी करा. अर्ध्या तासाचं काम आहे.

सपाट जागी ६० मीटरवर दोन खुंट्या ठोका, क आणि ख. यंत्र बरोबर मधोमध लावा. आमच्या चाचणीत क वर १.४८५ आणि ख वर १.२६० वाचन आलं. अंतरं सारखी असल्यामुळे यंत्राची खोड इथे उडून जाते, तेव्हा ख ही क पेक्षा खरोखरच ०.२२५ मीटर उंच आहे. आता यंत्र क च्या मागे तीन मीटरवर, दोन्ही खुंट्यांच्या रेषेतच न्या. इथून क वर १.३७२ आलं. यंत्र ठीक असतं तर ख वर १.१४७ यायला हवं होतं. आलं १.१६२. साठ मीटरच्या जास्तीच्या अंतराला १५ मिलिमीटर, म्हणजे मीटरला पाव मिलिमीटर, आणि वरच्या बाजूला.

वर मांडलेला पाव मिलिमीटर इथून आला. सहा ठिकाणच्या अंतरांचा फरक प्रत्येकी २० मीटर, एकूण १२० मीटर, त्याचे तीस मिलिमीटर. ३२ पैकी तीस सापडले. उरलेले दोन वाचनातले.

ही चाचणी प्रोजेक्टच्या पहिल्या दिवशी करायची असते. आम्ही ती शेवटी केली, हे कबूल करतो.

मग यंत्र दुरुस्त करायचं की काम पुन्हा करायचं?

क्रॉसहेअरचा स्क्रू विद्यार्थ्यांनी फिरवू नये असं माझं मत आहे. लॅबमधल्या निम्म्या यंत्रांची वाट त्यामुळेच लागली आहे. काम पुन्हा करा, पण अंतरं सारखी ठेवून. खोड असलेलं यंत्रसुद्धा सारख्या अंतरावर बरोबर उंची देतं.

अंतर मोजायला टेप लागत नाही. दुर्बिणीत मधल्या केसाच्या वर आणि खाली दोन आखूड केस दिसतात. वरच्या वाचनातून खालचं वजा करून शंभराने गुणलं की अंतर मिळतं. १.८४५ आणि १.४९५ असेल तर ३५ मीटर. फुकटचा फायदा म्हणजे दोन्हींची सरासरी मधल्या वाचनाशी जुळली पाहिजे, इथे १.६७०. जुळली नाही तर वाचन चुकलं आहे, आणि ते तिथल्या तिथेच कळतं.

ग्रुपने दुसऱ्या दिवशी सावलीचा मोह सोडून ३५-३५ मीटरवर काम केलं. त्या उतारावर मधोमध यंत्र लावूनही वरचा स्टाफ आरामात दिसला, म्हणजे पहिल्या दिवशीची भीती उगाच होती. टाकीवर २९३.८७३ आलं. तीन मिलिमीटरचा फरक, आणि तो मी आनंदाने स्वीकारला.

पहिल्या दिवशीचे ३२ मिलिमीटर सगळ्या चेंज पॉइंटवर वाटून टाकले असते तर चाललं नसतं का?

आकडे जुळले असते, काम जुळलं नसतं. चूक वाटून देणं हे सुटीच्या आतल्या, इकडे तिकडे होणाऱ्या बारीक चुकांसाठी असतं. तीन मिलिमीटर वाटा, काही हरकत नाही. सुटीच्या दुप्पट फरक आला तर त्याला काहीतरी एक कारण आहे. ते न शोधता वाटला तर ते कारण तसंच यंत्रात राहतं आणि पुढच्या ग्रुपला भेटतं.

यंत्र चांगलं असूनही असाच लपणारा फरक आणखी कशामुळे येतो?

स्टाफमुळे. हल्लीच्या ॲल्युमिनियमच्या स्टाफचे भाग एकमेकांत सरकतात आणि वर ओढल्यावर बटण 'खट्ट' वाजून बसावं लागतं. नीट बसलं नाही तर सांध्याच्या वरचं प्रत्येक वाचन काही मिलिमीटर जास्त येतं. चढावर मागची वाचनं मोठी, म्हणजे सांध्याच्या वरची, आणि पुढची लहान. परतताना उलटं. पुन्हा तीच गंमत, घरी आल्यावर हिशेब साफ. स्टाफ पूर्ण उघडून सांध्यावर स्टीलची टेप लावून पाहा, पाच मिनिटं लागतात.

स्टाफ तिरपा धरण्याची चूकही मोठ्या वाचनांनाच जास्त बाधते. दोन मीटरच्या वाचनाला तीन अंशांचा कल असला तर सुमारे पावणेतीन मिलिमीटर जास्त येतात. स्टाफ हळूच पुढे-मागे डोलवा आणि सर्वांत लहान वाचन घ्या.

लेव्हल बुकातली गणिती तपासणी तर जुळली होती. तिचा उपयोग काय मग?

बॅकसाइटची बेरीज वजा फोरसाइटची बेरीज ही शेवटची उंची वजा पहिली उंची याच्याशी जुळली, तर तुमची बेरीज-वजाबाकी बरोबर आहे. एवढंच. १.४६० च्या जागी १.५६० लिहिलं असेल तरी ती जुळतेच. यंत्राच्या उंचीच्या पद्धतीत तर बॅकसाइट आणि फोरसाइटच्या मध्ये घेतलेली इंटरमीजिएट वाचनं या बेरजेत येतच नाहीत. होस्टेलच्या कोपऱ्याची उंची आठवडाभर चुकीची लिहून ठेवली तरी तपासणी गप्प बसते. राइज अँड फॉल पद्धतीत निदान त्यांची वजाबाकी तरी तपासली जाते, म्हणून प्रोजेक्टसाठी मी तीच सांगतो. पोरं कुरकुरतात, कॉलम जास्त आहेत म्हणून.

इमारतींचे कोपरे, गटारं यांची इंटरमीजिएट वाचनं तर वेगवेगळ्या अंतरावरच असतात. ती कशी सांभाळायची?

तिथे अंतर सारखं ठेवता येत नाही, तेव्हा यंत्राची खोड त्यात येणारच. आमच्याच यंत्रावर बॅकसाइट ४५ मीटरवर आणि होस्टेलचा कोपरा ७० मीटरवर असेल तर कोपरा सहा मिलिमीटर खाली दिसेल. अर्ध्या मीटरच्या कंटूरला याने काही बिघडत नाही, आणि मोकळ्या जमिनीवरची वाचनं तर सेंटिमीटरपर्यंत लिहिली तरी पुरतात. पण त्याच नकाशावरून कोणी गटाराचा २०० ला १ असा उतार ठरवणार असेल, तर दहा मीटरला फक्त ५० मिलिमीटर पडतात, आणि त्यातले सहा कमी-जास्त होणं जाणवतं. म्हणून गटार, जोतं आणि रस्त्याची मधली रेषा यांची वाचनं ४०-५० मीटरच्या आतच घ्या.

उन्हाळ्यात सकाळी किती वाजेपर्यंत काम करता येतं?

एप्रिल-मे मध्ये आमच्याकडे सात ते दहा. त्यानंतर डांबरावरून आणि उघड्या काळ्या रानावरून झळा उठतात आणि स्टाफवरचे आकडे पाण्यात पडल्यासारखे हलतात. दृष्टिरेषा जमिनीपासून अर्ध्या मीटरच्या खाली जाऊ देऊ नका, झळांचा जोर तिथेच सर्वांत जास्त असतो. वाचन सलग तीनदा घेऊन दोन मिलिमीटरच्या आत येत नसेल तर अंतर कमी करा, किंवा घरी जा.

आवारात आपल्या स्वतःच्या कायमच्या खुणा कुठे ठेवायच्या?

काळ्या मातीत नाही. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि तिच्यातली खुंटी वर-खाली होते. आम्ही एकदा मैदानाच्या कडेला काँक्रीटमध्ये सळई रोवली होती. जूनच्या आधी आणि ऑगस्टमध्ये मोजली तर १४ मिलिमीटरचा फरक. लेव्हलिंग चुकलं म्हणून दोनदा परत केलं, मग खूणच हलल्याचं कळलं. जुन्या इमारतीचं मुरमावर बसलेलं जोतं, विहिरीचा दगडी काठ, उघडा पडलेला काळा पाषाण या जागा टिकतात. निदान तीन खुणा ठेवा. दोनच असल्या आणि फरक आला तर कोणती हलली हे सांगता येत नाही, तिसरी असली की निवाडा होतो.

मोरीच्या कठड्याबद्दलही हीच शंका घ्यायला हवी, कारण तीही काळ्या मातीतच उभी आहे. दुसऱ्या दिवशी टाकीशी तीन मिलिमीटरमध्ये जुळलं, म्हणून या वर्षापुरता तिच्यावर विश्वास ठेवला.

तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक काय विचारतात?

बहुतेक वेळा 'तुमची अचूकता किती?' त्यावर 'बंद होताना तीन मिलिमीटर' एवढंच सांगितलं की पुढचा प्रश्न येतो, 'मग टाकीवर?' तेव्हा दोन्ही आकडे, दोन खुंट्यांच्या चाचणीचा तक्ता आणि पहिल्या दिवसाचं चुकलेलं लेव्हल बुक रिपोर्टमध्ये लावा. पहिलं बुक फाडून टाकायची त्या ग्रुपची तयारी झाली होती. मी ते ठेवायला लावलं, आणि परीक्षकांनी वीस मिनिटांपैकी पंधरा मिनिटं त्याच पानांवर घालवली.

प्रोजेक्ट संपल्यावर खुणांचं काय करायचं?

प्रत्येक खुणेचा फोटो, जवळच्या दोन पक्क्या कोपऱ्यांपासूनची टेपची अंतरं, उंची आणि मोजल्याची तारीख एका कागदावर लिहून विभागात द्या. टाकीच्या चौथऱ्यावरची खूण यंदा रंगकामात झाकली गेली. जिन्याच्या कोपऱ्यापासून १.३२ मीटर अशी नोंद होती म्हणून रंग खरवडून ती सापडली.